एकदाच ऐकू येणारं निवेदन: 'वेलीवर' की 'वेळेवर'?

पिंपळगावचा निवेदक

मंडळी, द्राक्ष बागायतदारांना फोनवर जाणारे छोटे ध्वनिसंदेश लिहायचं काम आहे. फोन उचलला की निवेदन सुरू, पाऊण मिनिटात संपतं आणि कॉल कट होतो. पुन्हा ऐकायची सोय नाही. ऐकणारा बागेत उभा असतो आणि बाजूला ट्रॅक्टर नाहीतर ब्लोअर चालू असतो. म्हणजे एक वाक्य, एक संधी.

सध्या छाटणीनंतर फवारायच्या बोर्डो या बुरशीनाशकाचा संदेश हातात आहे. मसुदा असा:

"छाटणीनंतर वेलीवर एक टक्का बोर्डो मिश्रण फवारावे. शंभर लिटर मिश्रणासाठी एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना वेगवेगळ्या भांड्यांत भिजवावा. मोरचुदाचे द्रावण चुन्याच्या द्रावणात ओतावे, चुना मोरचुदात ओतू नये. तयार मिश्रणात इतर औषध मिसळू नका. फवारणी सकाळी दहाच्या आत उरकावी."

'वेलीवर'चं 'वेळेवर' होतं एवढं कळतंय. आणखी कुठे पाय घसरेल? आणि असे शब्द हुडकायची काही रीत आहे का, की नुसतं वाचत बसायचं?

आवाजकट्टा

मसुद्यात काही खोट नाही, निवेदक नीट निवडा. 'ळ'ला जीभ टाळूला वळली, 'ल'ला दातांमागे टेकली की दोन्ही शब्द खणखणीत वेगळे येतात. आकड्याआधी अर्धा सेकंद थांबा आणि वाक्याचा शेवट गिळू नका. निम्मी गाडी उच्चारावर अडलेली असते.

शुद्धलेखनवाले काका

'मोरचूद आणि चुना भिजवावा' हे चूक. दोन वस्तू आहेत, म्हणून 'भिजवावेत'. आणि 'मोरचूद'मधला चू दीर्घ, 'मोरचुदाचे'मध्ये ऱ्हस्व, हे बरोबर लिहिलंय याबद्दल अभिनंदन. आजकाल कोण पाहतं.

कानोसा

काका, ऱ्हस्व-दीर्घ फोनवरून पोचत नाही हो. धागा ऐकण्याचा आहे. :-)

आवाजकट्टा, तुमचं अर्धं पटलं. थांबा घेणं आणि शेवट न गिळणं हे खरंच. पण निवेदकाची जीभ कितीही वळली तरी ऐकणाऱ्याच्या बोलीत काय आहे ते बघायला हवं. आपल्याकडे गावात 'वेल'चं 'येल' होतं आणि 'वेळ'चं 'येळ'. कान आधीच दोन्ही शब्द शेजारी शेजारी ठेवून बसलेला असतो, वर ब्लोअरचा घरघराट. त्यात साध्या फोन कॉलचा आवाज साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झच्या पट्ट्यातच जातो. 'स', 'श', 'फ' यांची ओळख पटवणारा सळसळाट बराचसा त्याच्या वरचा, तो वाटेतच गळतो. नव्या फोनवर आवाज भरदार येतो, पण तो दोन्ही टोकं आणि मधली साखळी नवी असेल तर. ती आहे असं धरून लिहू नये.

आता हुडकायची रीत. सारख्या शब्दांची यादी करत बसलात तर संपणार नाही, मराठीत जोड्या ढिगाने आहेत. त्याऐवजी संशय आला तो शब्द काढा, त्याच्या जागी जुळा शब्द घाला आणि वाक्य वाचा. वाक्य हास्यास्पद झालं तर सोडून द्या, ऐकणारा मनातच दुरुस्त करून घेतो. 'घडांवर पिशवी'चं 'गडांवर पिशवी' कोणी ऐकत नाही. पण जुळा शब्द घालूनही वाक्य सरळ चालत असेल तर तिथे हात घाला. 'छाटणीनंतर वेळेवर एक टक्का बोर्डो मिश्रण फवारावे': एकदम शहाणं वाक्य! म्हणूनच धोक्याचं. ऐकणाऱ्याला चुकल्याची शंकासुद्धा येणार नाही.

आणि तुमच्या मसुद्यातली सगळ्यात वाईट जागा 'वेलीवर' नाहीच. 'वेळेवर' ऐकलं तरी माणूस फवारणार वेलीवरच. वाईट जागा आहे 'मिसळू नका'. जुळा शब्द तुम्हीच घालून बघा.

निफाडची माती

मिसळून टाका!!

बाप रे. 'तयार मिश्रणात इतर औषध मिसळून टाका.' अर्थ शंभर टक्के उलटा. बोर्डोत दुसरं काही घातलं की द्रावण फाटतं, नाहीतर नोझल चोंदतं, हे इथे कोणालाही विचारा.

कानोसा

तेच. 'मिसळू नका' आणि 'मिसळून टाका' यांत फरक एका 'टा'चा. 'ओतू नका, ओतून टाका', 'धुऊ नका, धुऊन टाका', 'काढू नका, काढून टाका' सगळे याच घरचे. मराठीत नकार येतो वाक्याच्या शेपटाला, आणि बोलताना आवाज नेमका तिथेच खाली उतरतो. 'ओतू नये'मधला 'नये' तर कुजबुजीसारखा येतो. सगळ्यात महत्त्वाचं अक्षर सगळ्यात मऊ आवाजात!

यावर दोन उपाय. पहिला, नकार काढून टाकून होकारात सांगा: 'टाकीत फक्त बोर्डो. दुसरं औषध वेगळ्या दिवशी.' दुसरा, बंदी सांगणं भागच असेल तर वाक्याच्या तोंडाशी 'चुकूनही' ठेवा. 'चुकूनही दुसरं औषध यात...' इथवर ऐकलं की पुढे काय येणार ते मराठी कानाला ठाऊक असतं. शेपूट तुटलं तरी चालतं.

आवाजकट्टा

'मुळीच' चालेल का? 'अजिबात'?

निफाडची माती

'मुळीच' नको, बागेत मुळी पण असते. 'मुळीच पाणी देऊ नका' म्हटलं तर एखादा 'मुळीला पाणी दे' ऐकेल आणि पाणी बंद ठेवून ताण द्यायच्या वेळी ठिबक सोडून बसेल.

आवाजकट्टा

मान्य. दंडवत.

लेणीवाटेवर

विषय शेतीचा दिसतोय, पण आमचीही गाठ याच दुखण्याशी. पांडवलेण्यांवर चालता चालता कानात ऐकायचं निवेदन लिहितोय. ऐकणाऱ्याला मागे जाता येतं, पण जिना चढताना कोणी मागे जात नाही. यात काय बदलाल?

"दहाव्या लेण्यात क्षहरात राजा नहपान याचा जावई उषवदात याचे लेख आहेत. विहाराशेजारी पाण्याचे टाके आहे."

कानोसा

तुम्हाला स्वतंत्र धागा काढायला हवा, पण उदाहरण इतकं झकास आहे की राहवत नाही.

'क्षहरात राजा नहपान' हे ऐकू येतं 'शहरात राजा नहपान'. 'शहरात' चा जुळा घालून वाक्य चालतं, उलट जास्तच चालतं, कारण 'क्षहरात' हा शब्द बहुतेकांनी आयुष्यात ऐकलेला नसतो. कान ओळखीचाच शब्द उचलतो. इथे जोर देऊन 'क्ष' म्हणण्यात काही हशील नाही. नवखं नाव येण्याआधी त्याची पाटी लावा: 'नहपान हा क्षत्रप राजा. त्याच्या घराण्याचं नाव क्षहरात.' 'घराण्याचं नाव' कानावर पडलं की शहर आपोआप बाद होतं.

'विहाराशेजारी टाके' म्हणजे 'विहिरीशेजारी टाके', पाणीही जुळलं. 'भिक्षूंच्या निवासाशेजारी' म्हणा आणि सुटा. 'दहाव्या'चं 'सहाव्या' होतं. त्याला शब्द बदलून औषध नाही, कारण दोन्ही लेणी तिथे आहेत. नंबराला डोळ्यांना दिसेल अशी खूण जोडा: 'दहावं लेणं. याच्या ओसरीत भिंतीवर कोरलेले लेख दिसतील.' चुकीच्या लेण्यात उभा असेल तर त्यालाच कळेल.

सीबीएसचा प्रवासी

'सहा-दहा'वरून आठवलं. स्टँडवर पुकारा होतो तेव्हा 'येवला' की 'देवळा' हे ऐकून सांगणाऱ्याला माझ्याकडून एक मिसळ, जादा तर्रीसकट. सिन्नर आणि जुन्नरचंही तेच.

निफाडची माती

त्याला सोपा उतारा आहे की. 'विंचूरमार्गे येवला', 'चांदवडमार्गे देवळा'. मार्ग आधी, गाव नंतर. निम्मे लोक मार्गावरूनच उठून उभे राहतात.

पिंपळगावचा निवेदक

धाग्याला फाटे फुटायच्या आत: 'सकाळी दहाच्या आत' चं काय करू? 'सहाच्या आत' ऐकलं तर माणूस अंधारात पंप घेऊन बागेत जाईल.

गणितमास्तर

आकड्यांचा प्रश्न मुळापासून सोडवा. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक', 'साठ तीन' अशी संख्यावाचनाची पद्धत आणली तेव्हा लोकांनी आकाशपाताळ एक केलं. पण ऐकायला तीच सोपी आहे. बासष्ट, पासष्ट, सदुसष्ट, अडुसष्ट एकाच वेळी कानावर पडले तर कोण वेगळे काढील? 'साठ दोन', 'साठ पाच' म्हणा, प्रश्न मिटला.

कानोसा

मास्तर, बासष्ट-पासष्टचं निदान अचूक. पण उपचार फोनवर उलटेल. 'साठ तीन ग्रॅम' ऐकल्यावर बागायतदार विचारेल, साठ की तीन? आपण 'दोन-तीन', 'चार-पाच' असं अंदाजाने बोलतो, त्यामुळे लागोपाठ आलेले दोन आकडे कानाला दोनच वाटतात. वर्गात फळा समोर असतो, तिथे गोष्ट निराळी.

'सात' आणि 'साठ'मध्ये तर शेवटचा 'ठ' बोलताना 'ट' होऊन जातो, म्हणून 'छाटणीनंतर सात दिवसांनी' की 'साठ दिवसांनी' हा खरा घोटाळा. बागेत दोन्ही दिवसांना काही ना काही काम असतंच. 'सात ते दहा' म्हटलं की दोन 'त' एकमेकांत मिसळतात, मग तर विचारूच नका. मी अशा ठिकाणी एककच बदलते. सात दिवसांऐवजी 'एका आठवड्याने', साठ दिवसांऐवजी 'दोन महिन्यांनी'. आता कितीही गोंगाट असू दे.

गणितमास्तर

आठवडा म्हणजे गावात आठ दिवस धरतात. बुधवार ते बुधवार मोजून आठ. तुमचा एक दिवस गेला.

कानोसा

गेला. ज्या कामात एका दिवसाने फरक पडतो तिथे वार किंवा तारीख सांगावी लागेल. साठाचा सात होण्यापेक्षा एक दिवस परवडला.

आवाजकट्टा

'साठ, म्हणजे सहावर शून्य' असं जोडून म्हटलं तर? आकडा दोनदा गेला, दोन वेगळ्या शब्दांत.

निफाडची माती

'सहावर' चं 'दहावर' ऐकलं तर दहावर शून्य म्हणजे शंभर. घ्या.

आवाजकट्टा

तुम्ही आज माझ्याच मागे लागलात का?

कानोसा

दोनदा सांगायची कल्पना मात्र चांगली आहे, फक्त दुसऱ्यांदा शब्द वेगळे हवेत. तेच वाक्य तसंच पुन्हा वाचलं तर पहिल्यांदा जे चुकीचं ऐकलं तेच दुसऱ्यांदाही ऐकू येतं, आणि आता माणसाची खात्री पटलेली असते. 'सकाळी दहाच्या आत'ला म्हणून 'ऊन चढायच्या आत, सकाळी दहापर्यंत' असं जोडता येईल. 'ऊन' आलं की 'सहा' बसत नाही.

निफाडची माती

छाटणी ऑक्टोबरची. त्यात आभाळ असलं तर ऊन चढतंच कुठे? ज्याला 'दहा' नीट ऐकू आलं नाही तो ऊन बघत दुपारपर्यंत बसेल.

कानोसा

ही अडचण खरी आहे. 'न्याहारीच्या वेळेपर्यंत'? पण न्याहारी घराघरात निराळी. यावर माझ्याकडे पक्कं उत्तर नाही.

निफाडची माती

मला चुना-मोरचुदाच्या वाक्याबद्दल बोलायचंय, ते राहूनच गेलं. 'मोरचुदाचे द्रावण चुन्याच्या द्रावणात ओतावे, चुना मोरचुदात ओतू नये.' यात एकही शब्द चुकीचा ऐकला नाही तरी माणूस गोंधळेल. मोरचूद, चुना, चुना, मोरचुद, सगळीकडे 'चु चु'. दुसऱ्या अर्ध्या वाक्यात तर उलटा क्रम स्वच्छ सांगितलाय, आणि 'नये' गळलं की तोच हुकूम झाला. चुन्यात मोरचूद ओतलं तर मिश्रण बारीक आणि तलम होतं, उलट केलं तर जाड कण बसतात, तळाशी साका धरतो.

शब्द बदला. मोरचुदाचं पाणी निळं, चुन्याचं पांढरं. 'निळं पाणी पांढऱ्यात ओता.' डोळ्यासमोर दोन बादल्या उभ्या राहतात, नाव ऐकू आलं नाही तरी रंग राहतो.

कानोसा

हे या धाग्यातलं सगळ्यात कामाचं वाक्य. 'निळं' आणि 'पांढरं'मध्ये एक अक्षर सामाईक नाही म्हटलं तरी चालेल. उलटा क्रम तर सांगूच नका, जो करायचा नाही तो कानावर घालायचाच कशाला?

शुद्धलेखनवाले काका

'निळं' नव्हे, 'निळे'. पात्राच्या तोंडचं बोलणं लिहिताना अनुस्वार चालतो, पण निवेदनासारख्या औपचारिक ठिकाणी 'निळे', 'पाने', 'फुले' हेच हवे.

कानोसा

काका, इथे मात्र तुम्ही नकळत मोठ्या प्रश्नावर बोट ठेवलंत. 'खालची पाने तोडा' लिहिलं तर त्याचा जुळा आहे 'पाणी तोडा'. गावात 'पाणी'चं 'पानी' होतंच, आणि 'पाणी तोडणे', म्हणजे पाणी बंद करणे, हा बागेतला रोजचा शब्द आहे. त्याऐवजी बोलीतलं 'पानं तोडा' घ्या, शेवटचा 'अं' आणि 'ई' पुरेसे लांब आहेत. पुस्तकी रूप कानाला घोटाळ्याचं, बोलीतलं सुरक्षित. प्रमाण लेखन कागदावर ठेवू या.

तशीच 'अ'ची गंमत. 'इतर औषध टाकणे अयोग्य' म्हटलं की 'टाकणे'च्या शेवटच्या स्वरात तो 'अ' विरघळतो आणि उरतं 'टाकणे योग्य'. 'अनावश्यक', 'अपुरे', 'अशुद्ध' या मंडळींना निवेदनात प्रवेश नको. 'चुकीचं', 'कमी', 'गढूळ' म्हणावं.

शुद्धलेखनवाले काका

हं. 'अयोग्य'चं पटलं. 'पानं'बद्दल विचार करतो.

सटाण्याहून

हाच आवाज बागलाणातही पाठवणार का? आमच्याकडे अहिराणी बोलणाऱ्यांच्या तोंडी 'ळ'चा 'य' होतो. डोळा म्हणजे डोया. 'निळं' ऐकून समजेल, काळजी नाही. पण 'ल-ळ'वर अर्थ टांगलेला ठेवलात तर इथे निफाडपेक्षा लवकर घसराल.

पिंपळगावचा निवेदक

हो, पाठवायचाय. म्हणून 'वेलीवर' काढूनच टाकलं. सगळं ऐकून हा दुसरा मसुदा:

"छाटणी झाली? आता बागेला बोर्डो, एक टक्का. शंभर लिटरला एक किलो मोरचूद, एक किलो चुना. दोन्ही वेगळ्या बादल्यांत भिजवा, बादल्या प्लॅस्टिकच्या. मग निळं पाणी हळूहळू पांढऱ्यात ओता आणि ढवळत राहा. लोखंडी खिळा बुडवून बघा. तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, आणखी घाला. टाकीत फक्त बोर्डो. चुकूनही दुसरं औषध त्यात नको. केलेलं मिश्रण आजच संपवा. फवारणी ऊन चढायच्या आत, सकाळी दहापर्यंत."

सीबीएसचा प्रवासी

'खिळा'चा 'विळा' ऐकला तर?

निफाडची माती

तर विळा बुडवेल. तोही लोखंडीच. :-D बरेच जण विळाच बुडवतात.

कानोसा

जुळा घालून बघायचं ते यासाठीच. काही चुका करू द्याव्यात.

मसुदा चांगला उतरलाय. आता तपासणी, कारण आपण सगळे मजकूर वाचून बोलतोय आणि वाचलेला माणूस ऐकायला निकामी. संदेश ज्यांनी पाहिलेला नाही अशा तिघा-चौघांना फोनवरूनच ऐकवा, शेजारी पंप चालू ठेवून, एकदाच. नंतर 'समजलं का' विचारू नका, सगळे 'हो' म्हणतात. विचारा, 'आता पहिल्यांदा काय कराल? मग?' पांढरं निळ्यात ओतलं की दुसरं औषध घातलं ते त्यांच्या सांगण्यातून बाहेर येईल. शब्द जसेच्या तसे म्हणून दाखवायला सांगू नका, ती पाठांतराची परीक्षा होते. एकाला बोर्डो पाठ असेल तर त्याला वगळा, तो न ऐकताच बरोबर सांगेल.

आवाजकट्टा

आणि 'आणखी घाला'च्या आधी थांबा हवा, नाहीतर 'चुना कमी पडलाय आणखी' असं एकत्र जातं. एवढं तरी माझं ऐका.

कानोसा

ऐकलं. बरोबर आहे. 'आणखी चुना घाला' असं वस्तूचं नाव घेऊनच म्हणा, मग थांबा चुकला तरी भागेल.

सटाण्याहून

एक राहिलं. चुना कुठला ते सांगितलं नाही. कळीचा की भुकटी? कळीचा असेल तर आधी विरवायला वेळ लागतो, आणि भुकटी जुनी असली तर किलोला किलो पुरत नाही.

पिंपळगावचा निवेदक

'कळीचा चुना' म्हटलं की 'कळीला चुना' ऐकतील का?

निफाडची माती

छाटणीनंतर बागेत कळी कुठली? चालवून घ्या. पण हाच संदेश नंतर फुलोऱ्यात पुन्हा पाठवणार असाल तर वेगळा विचार करा.